R² ०.९९९ असूनही खालचा स्टँडर्ड ४० टक्के जास्त का दाखवतो?

प्रश्न: नाशिकजवळच्या लॅबमध्ये निर्यातीच्या द्राक्षांतले कीटकनाशकांचे अंश एलसी-एमएस/एमएसवर तपासतो. २ ते २०० नॅनोग्रॅम प्रति मिली असे सात मॅट्रिक्स-मॅच्ड स्टँडर्ड लावतो. R² ०.९९९ येतो, पण २ चा स्टँडर्ड उलट मोजला तर २.८ दाखवतो. कोणी 1/x लावा म्हणतं, कोणी 1/x². वेट लावणं म्हणजे आकडे सोयीचे करून घेणं, असं आमचे क्वालिटीवाले म्हणतात. रेसिड्युअल प्लॉटवरून रेषा सरळ आहे की नाही ते नक्की कसं ओळखायचं?

उत्तर:

यात दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर उत्तर चुकतं. पहिला: सगळ्या स्टँडर्डवर सारखा भरवसा ठेवता येतो का? दुसरा: एरिया आणि कॉन्सन्ट्रेशन यांचं नातं मुळात सरळ आहे का? वेटिंग फक्त पहिल्या प्रश्नाचा उपाय आहे. वाकलेला कर्व्ह वेट लावून सरळ होत नाही. उलट नीट वेट लावलं की त्याचा वाक आणखी स्पष्ट दिसतो. R² मात्र या दोन्हींपैकी कशाबद्दलच काही सांगत नाही.

तुमच्यासारखेच आकडे घेऊ. स्टँडर्ड २, ५, १०, २०, ५०, १००, २०० आणि एरिया अनुक्रमे १०७५, २४९०, ५१५०, ९८५०, २५७००, ४८६००, १०३५००. साधी, म्हणजे बिनवेटची रेषा काढली तर स्लोप ५१३.८, इंटरसेप्ट उणे ३५१ आणि R² ०.९९९१ येतो. बघायला झकास. आता हे इंटरसेप्ट काय म्हणतंय ते बघा. ज्या ब्लँकमध्ये काहीच नाही, एरिया शून्य आहे, त्यालाही ही रेषा ०.६८ नॅनोग्रॅम देणार. तुमचा २ चा स्टँडर्ड २.८ का दाखवतो, याचं उत्तर इथेच आहे.

रेषा अशी खाली का सरकली? साधी लीस्ट स्क्वेअर्स पद्धत एरियाच्या चुकांचे वर्ग कमीत कमी करते, आणि तिच्या लेखी १०० च्या स्टँडर्डमधली दोन हजार काउंटची चूक आणि २ च्या स्टँडर्डमधली दोन हजार काउंटची चूक सारखीच. वास्तवात १०० च्या स्टँडर्डला ४८ हजारांमागे दोन हजार म्हणजे चारेक टक्के, रोजचीच गोष्ट. २ च्या स्टँडर्डचा मात्र पूर्ण एरियाच हजारभर आहे. वरच्या रेषेत १०० चा बिंदू २४२४ काउंटने खाली राहिला आहे आणि २ चा बिंदू ३९९ काउंटने वर. वर्गांच्या एकूण बेरजेत १०० च्या बिंदूचा वाटा ७७ टक्के आहे आणि २ च्या बिंदूचा २ टक्के. म्हणजे रेषा कुठून जायची हे वरचे दोन बिंदू ठरवतात आणि त्यांच्या नेहमीच्या चार टक्क्यांच्या हलण्याची किंमत खालच्या टोकाला चाळीस टक्क्यांनी मोजावी लागते.

साध्या पद्धतीचं गृहीतक असं की एरियाची एसडी सगळीकडे सारखीच. एलसी-एमएस/एमएसवर हे जवळजवळ कधीच खरं नसतं, कारण इंजेक्शनचं आकारमान, आयनायझेशनची कार्यक्षमता आणि पायपेटिंग या सगळ्यांच्या चुका प्रमाणात येतात; एरिया वाढला की त्या काउंटमध्ये वाढतात, टक्क्यांत तेवढ्याच राहतात. पण हे माझ्या सांगण्यावर घेऊ नका, मोजा. २, २० आणि २०० हे तीन स्टँडर्ड प्रत्येकी सहा वेळा द्या. शक्य असेल तर एकाच वायलमधून सहा इंजेक्शन देण्यापेक्षा वेगवेगळ्या तयार केलेल्या वायली वापरा, नाहीतर पायपेटिंगची चूक मोजणीतच येत नाही. समजा एसडी ४५, ३८० आणि ३९०० आल्या. वरच्या आणि खालच्या व्हेरिअन्सचं गुणोत्तर साडेसात हजाराच्या आसपास जातं. सहा-सहा वाचनांसाठी एफ-टेस्टची एक टक्का पातळीवरची मर्यादा सुमारे ११ आहे, त्यामुळे वाद घालायला जागा उरत नाही.

वेट कुठलं, तेही याच तीन आकड्यांतून निघतं. एसडीचा लॉग आणि कॉन्सन्ट्रेशनचा लॉग घेऊन त्यांच्यातला उतार बघा. ४५ पासून ३९०० पर्यंत एसडी ८७ पट झाली, कॉन्सन्ट्रेशन १०० पट. उतार ०.९७, म्हणजे एसडी कॉन्सन्ट्रेशनच्या जवळपास प्रमाणात आणि व्हेरिअन्स त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेट हे व्हेरिअन्सच्या व्यस्त असतं, म्हणून 1/x². उतार अर्ध्याच्या आसपास आला असता तर 1/x. शून्याजवळ आला असता तर वेटची गरजच नव्हती.

आता तेच सात बिंदू, तिन्ही पद्धतींनी. आकडे आहेत उलट काढलेलं कॉन्सन्ट्रेशन खऱ्यापेक्षा किती टक्के वेगळं आलं त्याचे.

| स्टँडर्ड | बिनवेट | 1/x | 1/x² |
|---|---|---|---|
| २ | +३८.८ | +४.८ | +१.१ |
| ५ | +१०.६ | −२.३ | −३.१ |
| १० | +७.१ | +१.३ | +१.६ |
| २० | −०.७ | −३.० | −२.३ |
| ५० | +१.४ | +१.३ | +२.४ |
| १०० | −४.७ | −४.२ | −३.१ |
| २०० | +१.१ | +२.० | +३.३ |

1/x² ची रेषा: स्लोप ५००.७, इंटरसेप्ट +६३. वरच्या टोकाला थोडं सोडलं, खालच्या टोकाला खूप मिळवलं. दुसरी गोष्ट अशी की 1/x आणि 1/x² यांच्यात फरक किरकोळ आहे. मोठी उडी बिनवेट आणि कुठलंही वेट यांच्यात आहे. म्हणून या दोहोंत नेमकं कुठलं, यावर लॅबमध्ये आठवडाभर वाद घालू नये. तुमची खालची पातळी एलओक्यूला अगदी चिकटून असेल तर तिथे एसडी आणखी कमी होत नाही, बेसलाइनच्या गोंगाटापाशी येऊन थांबते. अशा वेळी 1/x² खालच्या बिंदूवर लायकीपेक्षा जास्त विश्वास टाकतं आणि 1/x बरं पडतं. हे कंपाउंडवर अवलंबून आहे. एकाच मल्टिरेसिड्यू पद्धतीत काहींना हे, काहींना ते योग्य ठरू शकतं.

याचा निकालावर परिणाम काय होतो, तेही बघू. १० ग्रॅम द्राक्षाला १० मिली सॉल्व्हंट असेल तर वायलमधले १० नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे फळातले ०.०१ मिलीग्रॅम प्रति किलो. ज्या औषधासाठी वेगळी एमआरएल ठरलेली नाही त्याला युरोपीय संघात लागू होणारी मर्यादा नेमकी हीच. समजा दिंडोरीच्या एका प्लॉटच्या नमुन्याचा एरिया ४९०० आला. बिनवेटची रेषा सांगते १०.२, 1/x² ची सांगते ९.७. नमुना तोच, इंजेक्शन तेच, आणि एक आकडा मर्यादेच्या पलीकडे, दुसरा अलीकडे. अर्थात मोजमापाची अनिश्चितता यापेक्षा बरीच मोठी असते, त्यामुळे एवढ्या फरकावर कोणाचा कंटेनर अडवणं किंवा सोडणं बरोबर नाही. पण चुकीच्या रेषेची ही ढकल दर वेळी त्याच दिशेला असेल असंही नाही. उद्याच्या बॅचला २०० चा बिंदू खाली पडला की इंटरसेप्ट धन होईल आणि तोच नमुना कमी दिसेल. दोन बॅचचे निकाल जुळत नाहीत अशी तक्रार येते त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आता रेसिड्युअल प्लॉट. सॉफ्टवेअर जो प्लॉट आपोआप दाखवतं तो बहुधा एरियातल्या फरकाचा असतो आणि आडवा अक्ष साधा असतो. त्यात २, ५, १०, २० हे चारही बिंदू डाव्या कोपऱ्यात एकमेकांवर चढलेले दिसतात आणि उजवीकडे पंख्यासारखा पसारा. हा पंखा उपयोगी आहे, पण फक्त एवढंच सांगायला की व्हेरिअन्स वाढतोय. रेषा सरळ आहे की नाही हे त्यावरून ठरवू नका. त्यासाठी उभ्या अक्षावर टक्क्यांतला फरक आणि आडव्या अक्षावर कॉन्सन्ट्रेशनचा लॉग घ्या. मग सातही बिंदू सारख्या अंतराने पसरतात आणि वेट बरोबर असेल तर पसाराही डावीकडून उजवीकडे साधारण सारखाच राहतो.

```r
x <- c(2,5,10,20,50,100,200)
y <- c(1075,2490,5150,9850,25700,48600,103500)
f <- lm(y ~ x, weights = 1/x^2)
xb <- (y - coef(f)[1]) / coef(f)[2]
d <- 100*(xb - x)/x
plot(x, d, log = "x"); abline(h = 0)
```

इथे `residuals(f)` थेट काढू नका. ते बिनवेटचे रेसिड्युअल देतं आणि पुन्हा तोच पंखा दिसतो. पायथनमध्ये `numpy.polyfit` वापरत असाल तर त्याचं `w` वर्ग करण्याआधीच्या फरकाला लागतं, म्हणून 1/x² हवं असेल तर `w=1/x` द्यायचं. हा खड्डा फार जणांना माहीत नसतो. एक्सेलवाल्यांसाठी सोपी युक्ती: y/x हा स्तंभ उभ्या अक्षावर, 1/x आडव्या अक्षावर घेऊन साधी रेषा काढा. तिचं `INTERCEPT` म्हणजे तुमचा स्लोप आणि तिचं `SLOPE` म्हणजे तुमचं इंटरसेप्ट. गणित 1/x² चंच आहे, तंतोतंत.

वरच्या तक्त्यातल्या शेवटच्या स्तंभाची चिन्हं बघा: अधिक, उणे, अधिक, उणे, पुढेही तसंच. फरक तीन टक्क्यांच्या आसपास, आकार काही नाही. ही सरळ रेषा. आता दुसरा संच घ्या, ज्यात वरच्या टोकाला डिटेक्टर किंवा आयन सोर्स भरत चाललाय: १०६०, २५५०, ५०१०, ९८६०, २३८७०, ४५५१०, ८३३९०. बिनवेटच्या रेषेचा R² इथेही ०.९९८ येतो. 1/x² लावून टक्के काढले तर: −२.७, +३.२, +४.७, +४.७, +२.३, −२.१, −१०.२. दोन्ही टोकं खाली, मधले चार सलग वर. ही कमान आहे. एकही बिंदू २० टक्क्यांच्या बाहेर नाही, म्हणजे युरोपीय मार्गदर्शकाच्या निकषावर हा कर्व्ह पास होतो, आणि तरी तो सरळ नाही. निकष पास होणं आणि रेषा सरळ असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

याच संचात बिनवेटची रेषा काय करते पाहा. वरच्या वाकलेल्या टोकाला धरून ठेवण्यासाठी ती इंटरसेप्ट १३६५ वर नेते. २ च्या स्टँडर्डचा एरिया आहे १०६०, म्हणजे त्याचं कॉन्सन्ट्रेशन उणे येतं. पहिल्या संचात इंटरसेप्ट उणे होतं ते निव्वळ योगायोगाच्या हलण्यामुळे, इथे धन आणि अवाढव्य आहे ते वाकामुळे. इंटरसेप्ट सर्वात खालच्या स्टँडर्डच्या एरियाच्या जवळ जाऊ लागलं की थांबून कारण शोधावं.

पण सात बिंदूंत चार सलग धन चिन्हं नशिबानेही येऊ शकतात, म्हणून एका कर्व्हवर कमान जाहीर करू नका. कॅलिब्रेशन सीक्वेन्सच्या सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा द्या आणि दोन्हींचे टक्के एकाच प्लॉटवर टाका. कमान दोन्हीत त्याच जागी आली तर ती खरी. सुरुवातीचे सगळे वर आणि शेवटचे सगळे खाली असे दोन समांतर थर आले तर तो वाक नव्हे, सीक्वेन्सभर संवेदनशीलता घसरते आहे. द्राक्षाच्या साखरेने सोर्स मळला की असं होतं. एखादाच बिंदू बाहेर आणि पुढच्या वेळी तो जागेवर असेल तर पायपेटिंगकडे बघा. तोच बिंदू दोन्ही वेळा त्याच बाजूला बाहेर असेल तर तो स्टँडर्ड चुकीचा बनला आहे, कर्व्ह नाही.

कमान खरी निघाली तर पहिला उपाय वरची पातळी काढणं. त्या संचातून २०० काढून 1/x² लावलं तर −१.४, +१.९, +२.५, +२.१, −०.४, −४.८ येतात. वाकाची सावली आहे अजून, पण अंशांच्या कामाला चालण्यासारखी. मग १०० च्या वरचे नमुने ब्लँक द्राक्षाच्या एक्स्ट्रॅक्टने पातळ करून पुन्हा द्यायचे. नुसत्या सॉल्व्हंटने पातळ केलं तर मॅट्रिक्स बदलतो आणि एक चूक काढून दुसरी घातली जाते. इंजेक्शन निम्मं करणं हाही मार्ग आहे, खालच्या टोकाला तेवढी संवेदनशीलता शिल्लक असेल तर. वेट लावलेला क्वाड्रॅटिक कर्व्हही चालतो, पण वरच्या टोकाला तो सपाट होत जातो आणि एरियातली छोटी चूक कॉन्सन्ट्रेशनमध्ये मोठी होते. मी रेंज कमी करणं आधी बघतो.

1/x² चा एक धोका मात्र नीट समजून घ्यायला हवा. या सात पातळ्यांत एकूण वेटपैकी सुमारे ८२ टक्के एकट्या २ च्या स्टँडर्डकडे जातं. तोच बिघडला तर? समजा आदल्या इंजेक्शनच्या कॅरी-ओव्हरमुळे पहिल्या संचातल्या २ चा एरिया १०७५ ऐवजी १२७५ आला. नवी रेषा काढली तर २ चा फरक दिसतो फक्त +३.७ टक्के, आणि ५ चा होतो −९.०. बिघडलेला बिंदू निर्दोष दिसतो आणि दोष शेजाऱ्यावर येतो, कारण रेषेलाच त्याने आपल्याकडे ओढलेलं असतं. अशा वेळी लोक ५ चा स्टँडर्ड नवीन बनवतात आणि काहीच सुधारत नाही. खूण इंटरसेप्टमध्ये सापडते: ते ६३ वरून २५९ वर गेलं आहे. ते ब्लँकच्या एरियाशी ताडून बघा. २०० नंतर दिलेल्या ब्लँकमध्ये दोनशेच्या आसपास काउंट दिसत असतील तर कॅरी-ओव्हर. पहिल्याच ब्लँकमध्ये तेवढे असतील तर तुमचं ब्लँक द्राक्ष ब्लँक नाही. उपाय म्हणजे २ चा स्टँडर्ड दोन स्वतंत्र वायलींत बनवा, दोन्ही कर्व्हमध्ये घ्या, आणि कॅलिब्रेशन नेहमी खालून वर द्या. एखाद्या बिंदूबद्दल शंका असेल तर तो काढून रेषा पुन्हा काढा आणि काढलेला बिंदू तिच्यावरून मोजा. वरच्या उदाहरणात तसं केलं की दोष नेमका कुठे आहे ते लगेच उघडं पडतं.

सॉफ्टवेअरमध्ये वेट निवडताना शून्याचा पर्यायही तपासा. कर्व्ह शून्यातून जाण्याची सक्ती नको आणि शून्य हा बिंदू म्हणून घ्यायलाही नको. 1/x² मध्ये शून्याचं वेट अनंत होतं, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर ते आपापल्या पद्धतीने निस्तरतं. वेट बदलल्यावर R² ची आधीच्या R² शी तुलनाही करू नका, दोन्ही वेगवेगळ्या बेरजांवर काढलेले असतात.

तुमच्या क्वालिटीवाल्यांचा आक्षेप एका परिस्थितीत रास्त आहे: दर बॅचला तिन्ही पर्याय चालवून ज्यात कर्व्ह पास होतो तो निवडत असाल तर ते खरंच आकडे सोयीचे करणं आहे. म्हणून वेट व्हॅलिडेशनच्या वेळी ठरवा, प्रत्येक कंपाउंडसाठी, वर सांगितलेल्या सहा-सहा वाचनांवरून, आणि एसओपीत लिहून टाका. व्हॅलिडेशन फाइलमध्ये तिन्ही पातळ्यांच्या एसडी, लॉगचा उतार, एफ-टेस्ट आणि तिन्ही पद्धतींचा टक्क्यांचा तक्ता एका पानावर लावा. वेट न लावण्याचा निर्णयही एक गृहीतकच आहे, एसडी सगळीकडे सारखी असल्याचं, आणि ४५ आणि ३९०० हे आकडे समोर असताना त्याचा बचाव करणं त्यांनाही जमणार नाही.